अप्पांचा कोलेस्टेरॉल रिपोर्ट आणि आईला लिहायचं पत्र

प्रश्न: मी पुण्यात नोकरीला आहे, आई, अप्पा आणि आजी खानापूर तालुक्यात गावी असतात. अप्पांचं वय ५८, वजन ७२ किलो, दिवसभर दुकानात बसून काम. रिपोर्टमध्ये टोटल कोलेस्टेरॉल २४६, ट्रायग्लिसराइड २३०, एचडीएल ३६, एलडीएल १६४ आलंय, शुगर नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले तेल कमी करा, प्रोटीन वाढवा, तीन महिन्यांनी परत बघू. फोनवर आईला सांगितलं की ती म्हणते "इतकी वर्षं माझ्याच हातचं खाल्लंय त्यांनी", आणि विषय बदलते. म्हणून पत्र लिहायचं ठरवलंय. घरात तिघांना महिन्याला ५ लिटरचा तेलाचा डबा लागतो. पत्रात नेमकं काय लिहू आणि किती लिहू?

उत्तर:

पत्रात "तेल कमी वापर" हे वाक्य अजिबात लिहू नकोस. बेळगाव, खानापूर, चिकोडीकडच्या घरांचा आहार बघत मी बरीच वर्षं काम करतेय आणि हे वाक्य ऐकून कुठल्याही आईचं तेल कमी झालेलं मी पाहिलं नाही, कारण ती तेल मापून घालतच नाही, अंदाजाने पळी कलंडवते, आणि तिच्या मते ती आधीपासूनच कमीच घालते. शेजारणीपेक्षा, जावेपेक्षा, स्वतःच्या सासूपेक्षा कमी. त्यामुळे "कमी" म्हटलं की तिला तो आरोप वाटतो. त्याऐवजी तिला माप सांग, म्हणजे वाद घालायला काही उरत नाही. माप कुठलं ते पुढे सांगते, आधी रिपोर्ट नीट वाचू, कारण पत्रात काय मागायचं ते त्या चार आकड्यांवरून ठरतं.

अप्पांच्या रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या गोष्टी बिघडल्यात आणि लोक त्या एकच समजतात. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ते १६४ म्हणजे जास्तच, १०० च्या आत असलेलं चांगलं, १३० च्या पुढे लक्ष द्यायचं, १६० च्या पुढे जास्त म्हणतात. ते वाढतं ते मुख्यतः संतृप्त चरबीने, म्हणजे तूप, साय, लोणी, डालडा, पामतेल, मटणाची चरबी आणि, हे आपल्या भागात कुणी धरतच नाही, सुकं खोबरं. लिव्हर रक्तातलं एलडीएल उचलून घेत असतं, ही चरबी सतत जास्त गेली की ते उचलणं मंदावतं आणि एलडीएल रक्तात फिरत राहतं. ट्रायग्लिसराइड २३० ही दुसरी गोष्ट, हे १५० च्या आत हवं. हे वाढतं साखर, गोड चहा, भाताचा मोठा ढीग, बिस्किटं-खारी, दारू आणि पोटावरच्या वजनाने, कारण न वापरलेल्या साखरेचं आणि पिठाचं लिव्हर चरबीत रूपांतर करतं. एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ते ३६ म्हणजे कमी आहे, पुरुषांचं ४० च्या वर हवं, आणि ते बहुतेक वेळा ट्रायग्लिसराइडच्या उलट चालतं, ते उतरलं की हे थोडं चढतं. अप्पा तंबाखू खात असतील किंवा बिडी ओढत असतील तर तेही एचडीएल खाली ओढतं. निपाणीचा तंबाखूचा पट्टा जवळ असल्याने हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, तूही त्यांना वेगळा फोन करून विचार, ते आईच्या पत्रात घालायचं नाही.

म्हणजे बघ, नुसतं तेल कमी केलं आणि भात, चहाची साखर, खोबरं तसंच राहिलं तर तीन महिन्यांनी रिपोर्ट जवळपास तोच येईल आणि आई म्हणेल बघ, उगाच फिकं खाऊ घातलं. हे मी खूप घरांत होताना पाहिलंय. तेल कमी करायचं ते मुख्यतः कॅलरी आणि पोट कमी व्हावं म्हणून, एलडीएल हलतं ते चरबीचा प्रकार बदलल्यावर आणि कडधान्यं वाढल्यावर. दोन्ही लागतं.

आता ५ लिटरचा हिशोब. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्राम, म्हणजे महिन्याला ४५५० ग्राम, ३० दिवस आणि तीन माणसं धरली तर माणशी रोज ५० ग्राम. बसून काम करणाऱ्या माणसाला वरून घातलेलं तेल-तूप मिळून २० ते २५ ग्राम पुरे होतं, म्हणजे ५ छोटे चमचे. तुमच्याकडे दुप्पट जातंय. आजी खाणार किती, त्यामुळे अप्पांच्या वाट्याला ५० पेक्षाही जास्तच येत असणार. ५० ग्राम तेल म्हणजे ४५० कॅलरी, जवळजवळ एका जेवणाएवढ्या, आणि त्या भाकरीसारख्या डोळ्यांना दिसत नाहीत.

माप असं ठरव. तिघांना मिळून रोज ७५ मिली, महिन्याला सव्वादोन लिटर. स्वयंपाकघरात ७५ मिली कसं ओळखायचं, तर सर्दी-खोकल्याच्या औषधावर जे मापाचं टोपण येतं त्यातलं १५ मिलीची रेघ असलेलं घ्यायचं, धुवायचं आणि त्या रेघेपर्यंत पाच टोपणं. आईने सकाळी पाच टोपणं तेल एका छोट्या किटलीत किंवा वाटीत काढून ठेवायचं आणि दिवसभर नाश्ता, आमटी, भाजी, रात्रीचं कालवण सगळं त्यातूनच. वाटीत रात्री उरलं तर चांगलंच, संपलं तर संपलं. डबा कट्ट्यावरून उचलून खाली कपाटात ठेवायचा, हे बारीक वाटतं पण डबा हाताशी असला की पळी त्यात जातेच. आणि पहिल्याच दिवसापासून ७५ वर आणू नका. आत्ता रोज १६५ मिलीच्या आसपास जातंय, पहिले दोन आठवडे ८ टोपणं, मग दोन आठवडे ६, मग ५. जिभेला सवय व्हायला इतका वेळ लागतो आणि चव एकदम पडली तर अप्पा गुपचूप बाहेर भजी खातात, त्यात घरच्या तेलापेक्षा वाईट तेल असतं, तेच तेच परत तापवलेलं.

कुठलं तेल हेही विचारशील. शेंगतेल चालेल, सूर्यफूल चालेल, करडई चालेल, एकदा हे एकदा ते आणलं तरी चालेल. पामतेल आणि डालडा नको, पामतेलात निम्मी चरबी संतृप्त असते. पिशवीवर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं बघून महाग तेल घेऊ नका, कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांच्या पदार्थांत असतं, कुठल्याही वनस्पती तेलात ते नसतंच, स्वस्तातल्या तेलातही नाही. घाण्याचं शेंगतेल घरी येत असेल तर उत्तम, पण घाण्याचं आहे म्हणून जास्त घातलं तरी चालतं असं नाही, कॅलरी तेवढ्याच.

आईचा खरा प्रश्न वेगळाच असणार, तो ती बोलून दाखवणार नाही पण तिच्या मनात असतो, की तेलाशिवाय तर्री कशी येणार. आपल्याकडे कालवणावर लाल तवंग नसला तर बाईने स्वयंपाक मनापासून केला नाही असंच समजतात. म्हणून पत्रात तिला पद्धत सांगायला लागेल, आणि ती पद्धत चालते हे मी छातीठोकपणे सांगते. कांदा भाजताना तेल लागतं कारण कांदा तळाला लागतो, त्याला दुसरा उपाय असा की एक टोपण तेलात कांदा टाकायचा, लगेच चिमूटभर मीठ घालायचं म्हणजे कांद्याला पाणी सुटतं, झाकण ठेवायचं, लागायला लागलं की तेलाऐवजी दोन चमचे पाणी शिंपडायचं. पाच-सात मिनिटं जास्त लागतात पण कांदा तसाच तांबूस होतो. मसाला आणि तिखट मात्र तेलात घातलंच पाहिजे, लाल रंग आणि वास तेलातच उतरतो, पाण्यात नाही, म्हणून उरलेलं तेल तिखटासाठी राखायचं. फोडणीच्या छोट्या लोखंडी पळीत दोन चमचे तेल तापवून, गॅस बंद करून, त्यात तिखट टाकायचं आणि ते शेवटी कालवणावर ओतायचं. वर लाल तवंग दिसतो, वास तोच, आणि तेल मोठ्या कढईत घालतो त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी. मोठ्या कढईत मोहरी तडतडायला तेलाचं तळं लागतं, छोट्या पळीत कलती धरली की दोन चमच्यांत तडतडते.

भरलं वांगं हा आपला मोठा तेलखाऊ पदार्थ. त्यात शेंगांचं कूट, तीळ, खोबरं असतं आणि शिजताना त्याचं स्वतःचं तेल सुटतं, म्हणून वरून दोन टोपणं पुरतात, फक्त मंद आच आणि झाकणावर पाणी ठेवून शिजवायचं.

आणि आता खोबरं. १०० ग्राम सुक्या खोबऱ्यात ६० ते ६५ ग्राम चरबी असते आणि ती जवळजवळ सगळी संतृप्त. खोबऱ्यात कोलेस्टेरॉल नसतं म्हणून ते निर्धोक, असं पुष्कळांना वाटतं, पण एलडीएल वाढवायला संतृप्त चरबी पुरते. रोजच्या वाटणाला अर्धी वाटी खोबरं जात असेल तर तेल निम्मं करूनही एलडीएलला फारसा फरक पडणार नाही. वाटण बंद करायचं नाही, वाटणाशिवाय आपलं कालवण होत नाही. खोबरं पाव करायचं आणि दाटपणासाठी भाजलेले शेंगदाणे, फुटाण्याची डाळ किंवा थोडे तीळ घालायचे. फुटाण्याची डाळ भाजून वाटली की रस्सा दाट होतो आणि थोडं प्रोटीन पण जातं. शेंगदाण्यातही तेल असतं, पण त्याची चरबी वेगळ्या प्रकारची असते, एलडीएलला त्रास देणारी नाही, फक्त मूठभरच्या आत ठेवायचे.

प्रोटीनकडे येऊ. डॉक्टरांनी "प्रोटीन वाढवा" म्हटलं की घरात दोन गोष्टी येतात, मेडिकलमधून पावडरचा डबा किंवा सुक्यामेव्याचे लाडू. दोन्ही नको. लाडूत आणि गोकाकच्या करदंटात सुकामेवा असतो हे खरं, पण गूळ-साखर त्याहून जास्त, अप्पांच्या ट्रायग्लिसराइडला ते परवडणारं नाही. आणि खरं सांगायचं तर प्रोटीन खाल्ल्याने कोलेस्टेरॉल आपोआप उतरत नाही. ते कामाला येतं कारण पोट भरलेलं राहतं, भात कमी जातो, संध्याकाळी फरसाण कमी जातं. पण कडधान्यांतून आलेलं प्रोटीन आणखी एक काम करतं, त्याच्याबरोबर विरघळणारा चोथा येतो. तो आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो, मग लिव्हरला नवीन पित्त बनवायला कोलेस्टेरॉल लागतं, आणि ते लिव्हर रक्तातून उचलतं. म्हणून मी पावडर, पनीर यापेक्षा मटकी, हुलगे, चवळी, हरभरा यांच्या मागे लागते. सायीच्या दुधाचं पनीर तर अप्पांना नकोच, त्यात साय तशीच असते.

किती हवं? ढोबळ मानाने वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्राम, म्हणजे ७२ किलोला ६० ग्राम. आत्ता किती जातंय ते तू लिहिलं नाहीस, पण आपल्याकडचा दुकानदार माणूस दिवसभर काय खातो ते मला माहीत आहे, त्यावरून मांडते, तू आईला विचारून दुरुस्त कर. दोन मोठ्या ज्वारीच्या भाकऱ्या, १२ ग्राम. दोन्ही वेळचा भात, कच्चे तांदूळ दीडशे ग्राम धरले तर १० ग्राम. पातळ आमटी दोन वेळा, दोन्ही मिळून फार तर ३० ग्राम डाळ, ७ ग्राम. पोहे नाहीतर उप्पीट, ४ ग्राम. चहातलं दूध, ५ ग्राम. शेंगा चटणी, अडीच ग्राम. झाले ४० च्या आसपास. कमी पडतात २०.

हे २० काढायला नवीन पदार्थ करायलाच लागत नाही. सकाळी पोह्यांच्या जागी मोड आलेल्या मटकीची उसळ, कोरडी मटकी ५० ग्राम, १२ ग्राम प्रोटीन, पोह्यांचे ४ वजा केले तरी ८ वाढतात, आणि हवे तर मूठभर पोहे किंवा चिरमुरे त्यावर. दुपारची आमटी घट्ट करायची, अप्पांच्या वाटणीची डाळ १५ ऐवजी ४५ ग्राम, म्हणजे आणखी ७ ग्राम. एक वाटी साय काढलेल्या दुधाचं दही, ५ ग्राम. झाले २०. हुलग्याचं माडगं आठवड्यातून दोनदा केलं, किंवा झुणका, तर त्या दिवशी त्यापेक्षाही जास्त. झुणक्यात मात्र आयांचा हात सुटतो, बेसन तेल पीत राहतं, तिथे आधी बेसन कोरडं भाजून घेतलं तर निम्म्या तेलात मोकळा होतो.

तुमच्याकडे मांसाहार चालत असेल तर आठवड्याला दोनदा बांगडा किंवा तारली, कालवण करून, तळून नाही. मटण महिन्यातून दोनदा आणि चरबीचे तुकडे काढून, इतर वेळी कोंबडी चामडं काढून. अंडी, माझं मत, आठवड्याला तीन-चार पूर्ण, बाकी खायची असली तर पांढरं. एका बलकात १८०-२०० मिलिग्राम कोलेस्टेरॉल असतं, पण खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संतृप्त चरबीचा परिणाम मोठा असतो, त्यामुळे अंड्याला घाबरून घरातून हद्दपार करू नका, ते तुपात तळून खाऊ नका म्हणजे झालं.

एक गोष्ट आधी तपासून घे. प्रोटीन वाढवण्याआधी अप्पांची क्रिएटिनिन टेस्ट कधी झालीये का बघ. किडनीचा त्रास असेल तर हा सगळा प्रोटीनचा भाग डॉक्टरांना विचारूनच. आणि थायरॉइडही एकदा बघून घ्यायला सांग, ते कमी काम करत असेल तर एलडीएल वाढतं आणि मग आईने कितीही तेल मोजलं तरी उतरत नाही.

बिघडतं कुठे तेही सांगते. सगळ्यात जास्त बिघडतं ते आई अप्पांसाठी वेगळं आणि बाकीच्यांसाठी वेगळं शिजवायला लागते तेव्हा. दोन कढया, दुप्पट काम, दहा-पंधरा दिवसांत ती थकते आणि परत एकच कढई, जुनीच. म्हणून पत्रात स्पष्ट लिही की घरात सगळ्यांना एकच जेवण. तिला आणि आजीलाही प्रोटीन हवंच आहे, आजीला तर जास्तच, म्हाताऱ्या माणसाचे स्नायू लवकर झडतात, आणि आपल्याकडच्या बायका सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या आमटीचं पाणी आणि भात खाऊन उठतात. दुसरं बिघडतं एकादशीला. वारकरी घर असेल तर महिन्यात दोन उपवास, आणि उपवास म्हणजे तुपातली साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, प्रोटीन जवळजवळ नाहीच. उपवास सोडायला सांगू नकोस, ते तुझ्या आईला दुखेल, वरईचा भात, दही आणि शेंगदाण्याची आमटी सुचव. तिसरं, भात. तेल कमी झालं की जेवण हलकं वाटतं आणि माणूस भात वाढवून घेतो. खानापूरकडे भाताशिवाय जेवण होत नाही हे मला माहीत आहे, म्हणून भात बंद नाही, पण एकदाच वाटीने मापून वाढायचा आणि परत घ्यायचा तर उसळ घ्यायची. चहा चार कप आणि कपाला दोन चमचे साखर असेल तर रोज ३५-४० ग्राम साखर नुसती चहातून जाते, ती एक चमच्यावर आणली तरी ट्रायग्लिसराइडवर दिसते. पण हे चहाचं आईला नको, अप्पांना तूच सांग, दुकानातला चहा आईच्या हातात नाही.

सगळं एका पत्रात घालायचं नाही. तीन गोष्टी माग, तेलाची वाटी, खोबरं पाव, सकाळची उसळ आणि घट्ट आमटी मिळून एक. दोष कुणाचा नाही असं वेगळं लिहूही नकोस, लिहिलं की तो विषय तूच काढल्यासारखं होतं. मी असं लिहिलं असतं, तू तुझ्या शब्दांत बदल:

"प्रिय आई,

साष्टांग नमस्कार. फोनवर बोलताना दोघींचाही आवाज चढतो म्हणून लिहितेय, निवांत वाच, आणि वाचून झालं की आजीलाही वाचून दाखव.

अप्पांच्या रिपोर्टचा कागद मी इथल्या एका बाईंना दाखवून समजून घेतला. रक्तातली चरबी दोन प्रकारची वाढलीये. डॉक्टरांनी तीन महिने दिलेत, तेवढ्यात खाण्याने जेवढं उतरेल तेवढं उतरवू, नाही उतरलं तर गोळी आहेच. हे तुझ्याशिवाय होणार नाही, मी इथून फक्त मापं सांगू शकते, हात तुझा आहे.

पहिलं, खोकल्याच्या औषधाचं टोपण धुवून तेलाच्या डब्याजवळ ठेव. सकाळी आठ टोपणं तेल वाटीत काढ आणि तिघांचा दिवसभराचा स्वयंपाक त्यातच कर. दोन आठवड्यांनी सहा, मग पाच. तर्री तशीच हवी, मला माहीत आहे, अप्पा ताटात बघतात आधी. कांदा झाकण ठेवून पाण्याच्या शिपक्यावर भाज, आणि शेवटी फोडणीच्या पळीत दोन चमचे तेलात तिखट टाकून वरून ओत. मी इथे दोनदा करून बघितलं, रंग येतो. तू केलंस की माझ्यापेक्षा चांगलाच येईल.

दुसरं, वाटणाला खोबरं आत्ता घालतेस त्याच्या पाव घाल आणि उरलेल्या जागी फुटाण्याची डाळ आणि थोडे शेंगदाणे भाजून घाल. खोबऱ्यातली चरबी अप्पांना चालणार नाही असं आहे.

तिसरं, आठवड्यातून चार दिवस सकाळी पोह्यांऐवजी मटकी नाहीतर हुलग्याची उसळ, मोड आणून. आणि आमटी घट्ट कर, अप्पांच्या एकट्याच्या वाटणीला मूठभर डाळ जाऊ दे. तू पण तीच खायची. उरलेलं पाणी घेऊन बसायचं नाही. आजीला हुलग्याचं माडगं आवडतं, ते परत सुरू कर, तिच्या पायात ताकद येईल.

अप्पांसाठी वेगळं काही शिजवू नकोस, सगळ्यांना हेच. सणाला पोळ्या, कानवले जसे करतेस तसेच कर, फक्त तळलेलं तेल परत परत कढईत तापवू नकोस, उरलेलं एक-दोन दिवसांत फोडणीला संपव.

पहिल्या तारखेला नवीन डबा उघडशील त्यावर पेनाने तारीख घाल. डबा किती दिवस गेला तेवढंच मला कळव, बाकी मी काही विचारणार नाही.

दिवाळीला येतेच आहे. अप्पांना आणि आजीला नमस्कार.

तुझी लेक"

तर्रीची ओळ पाठवण्याआधी तू खरंच एकदा करून बघ, करून न बघता लिहू नकोस, आई पहिल्याच फोनवर विचारेल किती वेळ लागला आणि कांदा लागला का. सण कुठला जवळ आहे, गावी कधी जाणार आहेस ते तुझ्याप्रमाणे घाल. आणि डब्यावरची तारीख ही या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ आहे, ती गाळू नकोस. आत्ता ५ लिटरचा डबा ३० दिवस जातो. तो पन्नासच्या आसपास दिवस गेला तर तुम्ही बऱ्याच पुढे आलात, पासष्ट दिवस गेला की ७५ मिलीवर पोचलात. घरातलं तेल घसरलं की तोंडाने कुणी सांगत नाही, डबा लवकर संपतो. एखादा डबा एकदम खूप लवकर संपला असेल तर रागावू नकोस, पाहुणे किंवा लग्नकार्य होतं का विचार.

तीन महिन्यांनी तपासणी कशी करायची तेही पक्कं कर. त्याच लॅबमध्ये, ९ ते १२ तास उपाशी पोटी, पाणी चालतं, आदल्या दिवशी लग्नाचं जेवण किंवा दारू नको, कारण ट्रायग्लिसराइड एका जेवणाने वर जातं आणि मग तीन महिन्यांच्या मेहनतीचा आकडाच चुकतो. ताप किंवा इन्फेक्शन झालं असेल तर दोन-तीन आठवडे थांबून रक्त द्यायचं. अपेक्षा किती ठेवायची, तर खाण्यातून एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरतं, म्हणजे १६४ चं १४० ते १४८. ट्रायग्लिसराइड त्याहून चांगलं उतरतं, साखर-भात आवरला आणि दोन-तीन किलो वजन गेलं, दुकान बंद केल्यावर रोज अर्धा तास चालले, तर २३० चं १७०-१८० होणं अवघड नाही.

म्हणजे हेही समजून ठेव की आईने सगळं तंतोतंत केलं तरी एलडीएल १०० वर येईलच असं नाही. ५८ वय, एचडीएल कमी, त्यात बीपी किंवा तंबाखू असेल तर डॉक्टर कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी देतील, आणि दिली तर घ्यायची. तेव्हा आईला कुणी म्हणायचं नाही की तुझ्या स्वयंपाकाने काही झालं नाही. कोलेस्टेरॉलचा मोठा भाग लिव्हर स्वतः बनवतं, ते किती बनवतं ते घराण्यावर असतं, अप्पांच्या भावांना किंवा त्यांच्या वडिलांना लवकर हार्टचा त्रास झाला असेल तर ते डॉक्टरांना आत्ताच सांगा, तीन महिने थांबू नका. गोळी सुरू झाली तरी वाटीतलं तेल आणि सकाळची उसळ सुरूच राहते, आणि गोळी लागली म्हणून कमी झालेला आकडा बघून ती मनाने बंद करायची नाही, हे दुकानात बसणारी माणसं हटकून करतात.

छातीत दाब, चालताना दम, डावा हात किंवा जबडा दुखणं असं काही अप्पा बोलले तर हा सगळा आहाराचा हिशोब बाजूला ठेवून ताबडतोब दवाखान्यात न्यायचं. ते पत्रात लिहू नकोस, आई घाबरेल, पण घराजवळच्या कुणा चुलतभावाला सांगून ठेव, ज्याच्याकडे गाडी आहे.